आरसी भंगारात देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना जाहीर इशारा

हिमायतनगर तालुक्यातल्या सगळ्या गाडीमालकांनी, त्यांच्या गाड्यांचे क्लेम हाताळणाऱ्या विमा कंपन्यांच्या माणसांनी, नांदेडच्या वर्कशॉपवाल्यांनी आणि अपघाताची बातमी कळताच फोन करणाऱ्या भंगार दलालांनी हे नीट वाचावे. चौघांनाही सांगायचे आहे. त्यातला पहिला बहुतेक वेळा नाडला जातो आणि बाकीचे तिघे आपापला हात धुऊन मोकळे होतात, म्हणून आवाज थोडा चढा आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला की भोकर ते हिमायतनगर आणि पुढे किनवटपर्यंतच्या रस्त्यावर रात्री ट्रॉल्या उभ्या राहतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडी त्यात घुसते, माणूस देवाच्या कृपेने वाचतो आणि गाडी नांदेडला टोचन करून नेली जाते. दोन दिवसांनी फोन येतो : "भाऊ, गाडी टोटल लॉस झाली. सही करा, आरसी द्या, पैसे लगेच मिळतील." कोणी ठरवले, कशावरून ठरवले, किती आकडा आला, काही सांगत नाहीत. आणि आपला माणूस सही करतो. हे बंद झाले पाहिजे.

गाडी दुरुस्त करायची की टोटल लॉस धरायची, हे कोणाच्या नजरेवर ठरत नाही. त्याला रेघ आखलेली आहे. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये आणि तिथून आलेल्या तुमच्या पॉलिसीच्या मजकुरात लिहिले आहे की, गाडी परत आणण्याचा व दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस समजायची. आयडीव्ही म्हणजे पॉलिसी सुरू होताना ठरलेली गाडीची विमा किंमत. त्या मॉडेलच्या चालू शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते.

"पॉलिसीच्या अटी लावून" या तीन शब्दांवर सगळा खेळ आहे. तो कळण्यासाठी एक गाडी घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

समजा एमएच २६ ची, साडेतीन वर्षांची, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी आहे. त्या मॉडेलची चालू किंमत ८ लाख. ४० टक्के घसारा गेला, आयडीव्ही राहिली ४ लाख ८० हजार. तिचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. ही आपली रेघ. आता वर्कशॉपने एस्टिमेट दिले ४ लाख ३० हजारांचे. बघणाऱ्याला वाटते, रेघ ओलांडली, टोटल लॉस. इथेच पहिली फसगत होते. एस्टिमेट हा वर्कशॉपचा अंदाज असतो, विमा कंपनीचे देणे नव्हे.

सर्व्हेअर त्या एस्टिमेटची एकेक ओळ तपासतो. कोणता भाग ठोकून सरळ होतो आणि कोणता बदलावाच लागतो, हे त्याने गाडी उघडून बघायचे असते. त्यानंतर बदलायच्या भागांवर घसारा लावायचा. आपल्या उदाहरणात एस्टिमेट जसेच्या तसे मान्य झाले असे धरू. पत्रा आणि धातूचे भाग १ लाख ८० हजारांचे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला त्यावर २५ टक्के कपात, म्हणजे मिळणार १ लाख ३५ हजार. बंपर, डॅशबोर्ड, रबर, एअरबॅग मिळून १ लाख ४० हजार. यावर गाडीचे वय काहीही असो, निम्मे कापतात, राहिले ७० हजार. काच २० हजारांची, तिच्यावर कपात नाही. मजुरी ६० हजार, तीही पूर्ण. रंगकाम ३० हजार. त्यातला पाव हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याच्या निम्मे, म्हणजे ३ हजार ७५० कापायचे. शेवटी पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीचा सक्तीचा १ हजाराचा वाटा वजा करायचा. बदललेल्या भागांचे किरकोळ भंगार बाजूला ठेवले तर कंपनीचे देणे येते ३ लाख १० हजार २५०.

हे रेघेच्या खाली आहे. म्हणजे गाडी टोटल लॉस नाही, ती दुरुस्त व्हायला हवी. बाकीचे १ लाख १९ हजार ७५० मालकाने खिशातून घालायचे.

आता तीच गाडी, तोच अपघात. फक्त मालकाने झिरो डेप्रिसिएशनचे जोडकलम घेतले होते. मग घसारा कापायचाच नाही. देणे होते ४ लाख २९ हजार, रेघ ओलांडली जाते आणि गाडी टोटल लॉस. जास्त हप्ता भरणाऱ्याची गाडी लवकर टोटल लॉसमध्ये जाते, हे एजंट विकताना सांगत नाही. त्यात वाईट काही नाही, कारण त्याला पूर्ण आयडीव्ही मिळायला हवी. पण शेजाऱ्याची गाडी दुरुस्त झाली आणि माझी का नाही, याचे उत्तर इथे आहे. म्हणून पहिला प्रश्न लेखी विचारा : ७५ टक्क्यांची रेघ तुम्ही कोणत्या आकड्याला लावली? वर्कशॉपच्या एस्टिमेटला की तुमच्या देण्याच्या रकमेला? काही जण सोयीने कधी हा आकडा धरतात, कधी तो. ती सोय तुमची आहे की कंपनीची, ते उत्तरावरून कळेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सर्व्हेअरच्या अहवालात साधारणपणे दोन-तीन रकमा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात : दुरुस्ती केली तर कंपनीला किती पडेल, पूर्ण टोटल लॉस दिला तर किती, आणि मोडकी गाडी मालकाकडेच ठेवून तिच्या भंगाराची किंमत वजा केली तर किती. या शेवटच्या प्रकाराला धंद्यात 'नेट ऑफ सॅल्व्हेज' म्हणतात. कंपनी ज्यात कमी पैसे जातील तिकडे झुकते. धंदा म्हणून ते समजण्यासारखे आहे. मात्र त्या तिसऱ्या रकमेत काय मोजलेले असते, ते बघा.

मोडक्या गाडीसाठी भंगार घेणाऱ्यांकडून बोली मागवतात. बोली दोन प्रकारच्या येतात, आरसीसह आणि आरसीशिवाय. आपल्या गाडीला आरसीसह बोली आली १ लाख ९० हजार आणि आरसी रद्द करून बोली आली १ लाख १० हजार असे धरा. लोखंड तेच, इंजिन तेच, सीट तेच. ८० हजारांचा फरक कशाचा? तो त्या कागदाचा आहे, ज्यावर तुमचे नाव, चेसिस नंबर आणि नंबर प्लेट आहे. कोणी एका कागदाला ८० हजार उगाच देत नाही. त्याला तुमच्या नावावर गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असते, किंवा त्याहून वाईट, त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर तुमचा चेसिस नंबर ठोकायचा असतो.

आता झिरो डेप नसलेल्या त्या पहिल्या मालकाकडे परत या. दुरुस्तीत कंपनीला पडतात ३ लाख १० हजार २५०. आरसीसह भंगार धरले तर आयडीव्हीतून सक्तीचा वाटा गेला, ४ लाख ७९ हजार. त्यातून १ लाख ९० हजार गेले, कंपनीने द्यायचे फक्त २ लाख ८९ हजार. दुरुस्तीपेक्षा एकवीस हजारांनी स्वस्त. आरसी रद्द करून भंगार धरले तर कंपनीला ३ लाख ६९ हजार द्यावे लागतील, म्हणजे दुरुस्तीपेक्षा महाग. बघितलेत? रेघेच्या खाली असलेली, दुरुस्त व्हायला पात्र असलेली गाडी 'टोटल लॉस' ठरते की नाही, हे अपघाताच्या तडाख्यावर ठरलेच नाही. ते ठरले तुम्ही आरसी देता की नाही यावर.

मालकाला वाटेल, माझे काय बिघडले? कंपनीकडून २ लाख ८९ हजार, भंगारवाल्याकडून १ लाख ९० हजार, मिळून ४ लाख ७९ हजार हातात. दुरुस्तीचे सव्वा लाख वाचले. मोह होणारच. पण दोन गोष्टी ऐका.

पहिली, भंगारवाल्याची बोली म्हणजे बँकेत जमा झालेले पैसे नव्हेत. कंपनी १ लाख ९० हजार वजा करून मोकळी होते आणि मग भंगारवाला गाडी बघायला येतो, नाक मुरडतो, "याचा तर गिअरबॉक्सच गेलाय" म्हणतो आणि दीड लाखावर येतो. ४० हजारांचा खड्डा तुमचा. म्हणून ज्याची बोली कंपनीने धरली त्याचे नाव, बोलीची मुदत आणि तेवढेच पैसे देण्याची लेखी हमी कंपनीकडून घेतल्याशिवाय संमती देऊ नका. तो मागे हटला तर फरक कंपनीने भरायचा, हे संमतीपत्रात लिहा.

दुसरी गोष्ट घर बुडवणारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले की, मोटार वाहन कायद्यापुरता मालक तोच, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. त्या प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, एकामागून एक हात बदलत गेली होती, अपघात २००९ मध्ये झाला, आणि भरपाईचा बोजा आला नोंदणीवर नाव राहिलेल्या पहिल्या माणसावर. आता विचार करा. टोटल लॉसचे पैसे दिल्यावर कंपनी पॉलिसी रद्द करते. गाडी तुमच्या नावावर आहे, तिला विमा नाही, आणि कोणीतरी ती जोडून-तोडून तेलंगणात किंवा पैनगंगेपलीकडे उमरखेडकडे पळवतो आहे. त्या गाडीखाली माणूस गेला तर दाव्याची नोटीस हिमायतनगरला, तुमच्या दारात. १ लाख ९० हजार घेतलेला माणूस २० लाखांच्या दाव्याला काय उत्तर देणार? दलालाने तुमच्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या होत्या, हे न्यायालयात सांगून सुटका होत नाही. उलट तुम्ही बेसावध होता हे सिद्ध होते.

त्यामुळे गाडी रस्त्यावर येण्यासारखी राहिली नसेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ वापरा. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आणि आरसी जमा करायची असते. आपले नोंदणी कार्यालय नांदेडला आहे. कर्ज असेल तर आधी फायनान्सवाल्याचे ना-हरकतपत्र लागते, आणि टोटल लॉसच्या रकमेवर पहिला हक्क त्याचाच असतो, हेही लक्षात ठेवा. बाकी कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त असेल तर गाडी जाते आणि हप्ते राहतात. ज्यांना हप्ता जड वाटतो म्हणून आयडीव्ही कमी लावून घ्यायची सवय आहे, त्यांनी आपल्याच गाडीवर हिशेब करून बघावा : आयडीव्ही ४ लाख ८० हजारांऐवजी ४ लाख केली असती, तर रेघ आली असती ३ लाखांवर आणि तेच ३ लाख १० हजार २५० चे देणे तिच्या वर गेले असते. गाडी टोटल लॉस, आणि मिळाले असते जेमतेम ४ लाख. नूतनीकरणाला वाचवलेले काही शे रुपये असे परत घेतले जातात.

याच्या उलटा डावही चालतो. पॉलिसीवर एक आयडीव्ही लिहायची, तिच्यावर हप्ता घ्यायचा आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने म्हणायचे की या गाडीचा बाजारभाव एवढा नाही. हे चालत नाही. टोटल लॉससाठी आयडीव्ही हाच बाजारभाव मानायचा, पॉलिसीच्या वर्षात त्यावर पुन्हा घसारा नाही, असे पॉलिसीतच असते. २००८ मध्ये धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात नूतनीकरणाला ३ लाख ५४ हजार किंमत धरून हप्ता घेतला होता आणि सर्व्हेअरने नुकसान १ लाख ८० हजारांवर आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने फक्त १० हजार कमी करून ३ लाख ४४ हजार द्यायला लावले. २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व्हेअरचा अहवाल अंतिम शब्द नसतो, असेही सांगितले. अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो खोडता येतो.

वर्कशॉपवाल्यांना वेगळे सांगायचे आहे. गाडी आत घेताना गोड बोलायचे, कंपनीने टोटल लॉस म्हटले की दुसऱ्या दिवसापासून रोजचे पार्किंग भाडे लावायचे आणि एस्टिमेट काढण्याचे पैसे मागायचे, हा प्रकार आता लपून राहिलेला नाही. हे भाडे पॉलिसीत बसत नाही, ते मालकाच्या मानगुटीवर बसते, आणि त्याच भीतीने तो सही करतो. मालकांनो, गाडी आत जातानाच्या जॉबकार्डवर भाड्याचा दर आणि एस्टिमेटचा आकार लिहून घ्या. लिहिलेला नसेल तर नंतर देऊ नका.

आता मुदती. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर चोवीस तासांत सर्व्हेअर नेमायचा, अहवाल पंधरा दिवसांत यायचा आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. अहवालाची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. आणखी एक : एका सर्व्हेअरचा आकडा आवडला नाही म्हणून कारण न देता दुसरा, मग तिसरा नेमत जाणे, यालाही सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच लगाम घातला आहे.

या तालुक्यातल्या प्रत्येक मालकाने या इशाऱ्यापासून पुढे एकच करायचे. 'टोटल लॉस' शब्द कानावर आला की त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने लेखी मागणी पाठवायची : सर्व्हे अहवालाची प्रत, मान्य भागांची यादी आणि त्यावरचा घसारा, देण्याची रक्कम, आयडीव्ही आणि तिचे ७५ टक्के, आरसीसह आलेल्या आणि आरसीशिवाय आलेल्या सगळ्या बोली. सात दिवसांत हे कागद आले नाहीत तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार जाईल. महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटणारे नाही, तर प्रकरण पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईल. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचा आदेश होतो. नाकारल्यापासून वर्षाच्या आत तिथे जावे लागते. ज्यांना नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचे असेल त्यांना दोन वर्षांची मुदत आहे. 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवर दबावाखाली सही केली असेल तरी दार बंद होत नाही. १९९९ च्या अजमेर सिंग कॉटन प्रकरणाने ते उघडे ठेवले आहे. मात्र दबाव सिद्ध करावा लागतो, म्हणून सही करतानाच "हरकत राखून" असे हाताने लिहा.

विमा कंपन्यांच्या क्लेम विभागांना स्पष्ट सांगतो. आरसीसह आलेली बोली धरून आम्हा गाडीमालकांना द्यायची रक्कम कमी करणे यापुढे मान्य होणार नाही. रेघ ओलांडली असेल तर आरसी रद्द होईल, भंगाराचा भाव आरसीशिवायचा धरला जाईल आणि मोडकी गाडी तुम्ही उचलाल. रेघेच्या खाली असेल आणि मालकाला गाडी हवी असेल, तर दुरुस्ती होईल. तोंडी निरोप आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले आकडे आम्ही निर्णय समजणार नाही.

आणि भंगार दलालांना. हिमायतनगर, सरसम, जवळगाव, पोटा, कामारी आणि आसपासच्या गावांतल्या मोडक्या गाड्या तुम्ही गेल्या काही वर्षांत उचलल्या आहेत. त्यातल्या अनेकांच्या आरसी आणि कोऱ्या सह्यांचे फॉर्म २९, ३० तुमच्याकडे पडून आहेत. आजपासून तीस दिवसांची मुदत आहे. गाडी चालती केली असेल तर ती ज्याच्याकडे आहे त्याच्या नावावर करून हस्तांतराची पावती मालकाच्या हातात द्या. गाडी तोडली असेल तर चेसिस नंबरचा तुकडा आणि आरसी परत आणून द्या, आम्ही नांदेडला कलम ५५ खाली जमा करू. एकतिसाव्या दिवशी ज्या गाडीचा हिशेब लागलेला नसेल, तिचा नंबर, चेसिस नंबर आणि ती उचलून नेणाऱ्याचा मोबाईल नंबर असलेला अर्ज मालकाच्या सहीने हिमायतनगर पोलीस ठाण्यात आणि नांदेडच्या परिवहन कार्यालयात एकाच वेळी दाखल होईल.